डेंग्यूतील प्लेटलेट काउंट नेमका काय मोजतो? सकाळी ३८ हजार आणि संध्याकाळी १९ हजार

गोदाकाठ | शनिवार, रात्री ८:१०

माझे यजमान ४१ वर्षांचे आहेत. त्यांना सोमवारपासून ताप आहे आणि मंगळवारी एनएस१ चाचणी पॉझिटिव्ह आल्यामुळे डेंग्यू असल्याचे कळले. आमच्या डॉक्टरांनी घरीच विश्रांती, भरपूर पातळ पदार्थ आणि फक्त पॅरासिटामॉल असे सांगून रोज रक्त तपासायला सांगितले. गुरुवारी प्लेटलेट १ लाख १२ हजार होत्या, शुक्रवारी ६४ हजार आल्या आणि आज सकाळी ३८ हजार. आज सकाळपासून ताप मात्र उतरला आहे. आकडा पाहून घरातले सगळे घाबरले, म्हणून दिरांनी संध्याकाळी दुसऱ्या लॅबच्या मुलाला घरी बोलावून पुन्हा रक्त द्यायला लावले. त्या रिपोर्टमध्ये १९ हजार आले.

एका रिपोर्टवर `38 x10^3/µL` असे छापले आहे आणि दुसऱ्यावर `0.19 Lakh/cumm`. मुळात ही दोन्ही एकाच मापाची रूपे आहेत, हे समजायलाच मला अर्धा तास लागला. दुसऱ्या रिपोर्टच्या तळाशी प्लेटलेटचे पुंजके दिसल्याचा एका ओळीचा शेराही आहे. घरात आता रक्तपेढ्यांना फोन चालू आहेत. माझा प्रश्न असा आहे की हा आकडा नेमका कशाची मोजदाद करतो, आणि एकाच माणसाच्या एकाच दिवशीच्या दोन आकड्यांत इतका फरक कसा पडतो?

शिवारवाट | शनिवार, रात्री ८:२६

ताई, वेळ घालवू नका. पांढऱ्या पेशी ५० हजारांच्या खाली गेल्या की धोका सुरू होतो, २० हजारांच्या खाली गेल्या की पिशवी चढवावीच लागते. गेल्या वर्षी मला स्वतःला डेंग्यू झाला होता. माझ्या पेशी २२ हजारांवर आल्या होत्या. गावाकडून पपईच्या पानांचा रस आणून दोन दिवस सकाळ-संध्याकाळ घेतला आणि पेशी थेट ७० हजारांवर गेल्या. एका पिशवीने ५० हजार वाढतात असे ऐकून आहे, त्यामुळे रक्तदाते तयार ठेवा आणि तोवर रस सुरू करा.

काचपट्टी | शनिवार, रात्री ८:५८

मी २२ वर्षे पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ म्हणून काम केले आहे, त्यामुळे मोजणीच्या बाजूने लिहितो. उपचाराचे डॉक्टरांनीच सांगावे.

आधी एक दुरुस्ती. आपल्याकडे सर्रास 'पांढऱ्या पेशी कमी झाल्या' असे म्हणतात, पण रिपोर्टवर पांढऱ्या पेशींची ओळ वेगळी असते आणि डेंग्यूमध्ये त्याही बहुधा कमी होतात. प्लेटलेट म्हणजे अस्थिमज्जेतल्या मोठ्या पेशींपासून तुटून रक्तात आलेले बारीक तुकडे. त्यांचे आयुष्य सात ते दहा दिवसांचे असते. काउंट म्हणजे रक्ताच्या एका घन मिलिमीटरमध्ये, म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढ्या थेंबात, असे किती तुकडे सुटे तरंगताना यंत्राला सापडले तो आकडा. 'सुटे' आणि 'यंत्राला सापडले' या दोन शब्दांकडे लक्ष द्या, तुमच्या प्रश्नाचे उत्तर तिथेच आहे.

बहुतेक लॅबमधले यंत्र पातळ केलेले रक्त एका अतिशय बारीक छिद्रातून ओढते. छिद्रातून एकेक कण जाताना विजेच्या प्रवाहाला अडथळा होतो आणि कण जेवढा मोठा तेवढा तो अडथळा मोठा नोंदवला जातो. तांबड्या पेशीचे आकारमान प्लेटलेटच्या साधारण नऊ-दहा पट असते, म्हणून यंत्र एक सीमा ठरवून तिच्याखालचे छोटे ठोके प्लेटलेट म्हणून मोजते. यंत्राला प्लेटलेट ओळखू येत नाही, त्याला फक्त आकार कळतो. पंधरा प्लेटलेट एकमेकींना चिकटून छिद्रातून गेल्या, तर त्या पंधरा म्हणून मोजल्या जात नाहीत; तो एक मोठा कण ठरतो आणि कधी कधी पांढऱ्या पेशींच्या खात्यात जमा होतो. याच्या उलट, तांबड्या पेशींचे तुकडे झाले असतील, तर ते प्लेटलेटमध्ये धरले जाऊन आकडा खोटा वाढतो.

पुंजके होण्याची नेहमीची कारणे दोन. शीर नीट सापडली नाही, रक्त थेंबाथेंबाने आले किंवा जांभळ्या टोपणाची बाटली भरल्यावर ती लगेच आठ-दहा वेळा हलक्या हाताने उलटसुलट केली नाही, तर बाटलीतच रक्त थोडेसे गोठू लागते आणि त्या गाठीत प्लेटलेट अडकतात. दुसरे कारण व्यक्तीचे असते. काही जणांच्या प्लेटलेट त्या बाटलीतल्या रसायनामुळेच एकमेकींना चिकटतात आणि नमुना जितका वेळ पडून राहील तितक्या जास्त चिकटतात. शरीरात त्या व्यवस्थित सुट्या असतात.

म्हणून विचारतो, संध्याकाळी रक्त घेताना काही अडचण आली होती का? आणि दोन्ही रिपोर्टवर पांढऱ्या पेशी आणि पीसीव्ही किती आहेत?

गोदाकाठ | शनिवार, रात्री ९:१४

हो, अडचण आली होती. उजव्या हाताला शीर सापडली नाही, म्हणून डाव्या हाताला पुन्हा टोचावे लागले आणि रक्त फार हळू येत होते. आमच्याकडून निघाल्यावर त्या मुलाला आणखी तीन घरी जायचे होते. पांढऱ्या पेशी सकाळी ३,१०० आणि संध्याकाळी ४,२०० आहेत. पीसीव्ही गुरुवारी ४२ होते, आज सकाळी ४५ आणि संध्याकाळी ४६.

काचपट्टी | शनिवार, रात्री ९:३१

तर मग १९ हजार हा आकडा मी तरी खरा धरणार नाही. पांढऱ्या पेशी काही तासांत हजाराने वाढलेल्या दिसतात, त्यात पुंजक्यांचा वाटा असू शकतो. अर्थात डेंग्यूतून सावरतानाही त्या वाढू लागतात, त्यामुळे फक्त त्यावरून ठरवता येणार नाही. शेरा लिहिणाऱ्याने आपले काम प्रामाणिकपणे केले आहे, पण शेरा तळाशी बारीक अक्षरांत आणि आकडा वर ठळक अक्षरांत छापला की घरच्यांना आकडाच दिसतो.

यावर उपाय साधा आहे. नवा नमुना घ्यायला सांगा, शक्यतो लॅबमध्ये जाऊन, आणि 'काचेवर पसरून प्लेटलेट डोळ्यांनी मोजा' असे चिठ्ठीवर लिहून घ्या. काचपट्टीवर रक्ताचा पातळ थर ओढून, रंगवून, सूक्ष्मदर्शकाच्या सगळ्यात मोठ्या भिंगाखाली दहा ठिकाणी प्लेटलेट मोजतात. पुंजके असतील, तर ते थराच्या शेवटच्या पिसासारख्या कडेला गोळा झालेले दिसतात, म्हणून जाणकार माणूस आधी ती कड पाहतो. एका दृश्यात सरासरी जितक्या प्लेटलेट दिसतील त्याला साधारण १५ हजारांनी गुणले की ढोबळ काउंट मिळतो. नव्या नमुन्यातही पुंजके आले, तर निळ्या टोपणाच्या बाटलीत रक्त घेऊन पुन्हा मोजता येते. त्या बाटलीत नऊ भाग रक्ताला एक भाग द्रव असतो, म्हणून आलेला आकडा १.१ ने गुणावा लागतो. हे गुणायचे कोणी विसरले, तर काउंट विनाकारण कमी दिसतो.

रानजाई | शनिवार, रात्री ९:४०

मला एक शंका आहे. माझ्या मुलीला सहा दिवस ताप आहे, आजच एनएस१ केली आणि ती निगेटिव्ह आली, पण प्लेटलेट ९० हजार आहेत. म्हणजे डेंग्यू नाही असे समजायचे ना? मग प्लेटलेट कशाने कमी झाल्या?

निरगुडी | शनिवार, रात्री ९:५२

मी मेडिसिनची डॉक्टर आहे. रानजाई, एनएस१ पहिल्या चार-पाच दिवसांत भरवशाची असते. सहाव्या दिवशी ती निगेटिव्ह आली म्हणून डेंग्यू नाही असे म्हणता येत नाही. या टप्प्यावर आयजीएम चाचणी उपयोगी पडते. प्लेटलेट मलेरिया, लेप्टोस्पायरोसिस आणि इतर अनेक तापांतही उतरतात, त्यामुळे नुसत्या काउंटवरून आजाराचे नाव ठरत नाही. मुलीला उद्या सकाळी डॉक्टरांना दाखवा.

गोदाकाठ, काचपट्टींनी मोजणीचे जे लिहिले आहे ते बरोबर आहे. पण आकडा अगदी अचूक असला तरी तो काय सांगत नाही, हे मला लिहिले पाहिजे. डेंग्यूचा विषाणू अस्थिमज्जेतले उत्पादन काही दिवस मंदावतो आणि त्याच वेळी रक्तातल्या प्लेटलेट शरीराच्या प्रतिकारयंत्रणेकडून नष्टही होत असतात. काउंट म्हणजे या दोन्हींतून उरलेली शिल्लक. त्या शिल्लक प्लेटलेट काम कसे करतात हे त्यात येत नाही, म्हणूनच २५ हजारांवर एखाद्याच्या हिरडीतूनही रक्त येत नाही आणि ८० हजारांवर एखाद्याला रक्तस्राव होतो.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की डेंग्यूमध्ये माणूस गंभीर होतो तो बहुधा रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपल्यामुळे. रक्तातला द्रव पोटात आणि छातीत उतरतो, मागे उरलेले रक्त दाट होते आणि रक्तदाब कोसळू शकतो. प्लेटलेट काउंट हे झिरपणे मोजत नाही. ते दिसते पीसीव्हीमध्ये, म्हणजे रक्तात तांबड्या पेशींचा वाटा शेकडा किती आहे त्यामध्ये. प्लेटलेट झपाट्याने उतरत असताना पीसीव्ही चढत असेल, तर तो धोक्याचा इशारा मानतात. मूळ आकड्याच्या २० टक्के वाढ झाली, तर झिरपणे लक्षणीय आहे असे समजतात. तुमच्या घरी ४२ वरून ४६ म्हणजे साधारण साडेनऊ टक्के वाढ झाली आहे. ती २० टक्के नाही, पण दिशा वरची आहे आणि गुरुवारचा आकडा तरी त्यांचा निरोगी असतानाचा होता का, हे आपल्याला माहीत नाही.

ताप उतरला म्हणून निर्धास्त होऊ नका. हे झिरपणे बहुधा ताप उतरण्याच्या सुमारासच सुरू होते आणि एक-दोन दिवस टिकते. त्यांना पोटात दुखते का, उलट्या होतात का, लघवी किती वेळा झाली आणि ते नेहमीसारखे बोलत आहेत का, हे लगेच कळवा.

गोदाकाठ | शनिवार, रात्री १०:०५

दुपारपासून तीन उलट्या झाल्या. पोटात वरच्या बाजूला दुखते असे ते म्हणत आहेत. शेवटची लघवी दुपारी दोनच्या सुमारास झाली. संध्याकाळी दिरांनी पपईच्या पानांचा रस दिला होता, त्यामुळे मळमळत असेल असे आम्हाला वाटले.

निरगुडी | शनिवार, रात्री १०:०८

आत्ताच रुग्णालयात न्या, सकाळची वाट पाहू नका. मी येथून निदान करू शकत नाही, पण पुन्हापुन्हा होणाऱ्या उलट्या आणि पोटदुखी ही दोन्ही धोक्याची लक्षणे आहेत आणि आठ तास लघवी नसणे हेही काळजीचे आहे. रसाने मळमळू शकते हे खरे आहे, आणि नेमके त्यामुळेच या दिवसांत तो देऊ नये, कारण आजाराची उलटी कोणती आणि रसाची कोणती हे मग कळेनासे होते. उलट्या तर रस देण्याच्या आधीपासूनच चालू आहेत. गुरुवारपासूनचे सगळे रिपोर्ट बरोबर घ्या आणि तिथल्या डॉक्टरांना प्लेटलेटच्या आधी पीसीव्हीचे आकडे दाखवा. इथे उत्तर लिहीत बसू नका.

शिवारवाट | रविवार, सकाळी ७:३०

ताई, कसे आहेत ते कळवा. माझ्या सांगण्यावरून रस दिला गेला नसेल, तरी मनाला लागून राहिले आहे. पण मला खरोखर समजून घ्यायचे आहे. माझ्या पेशी दोन दिवसांत २२ हजारांवरून ७० हजारांवर गेल्या, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. ते मग कशामुळे झाले?

काचपट्टी | रविवार, सकाळी ८:१५

तुमचा आकडा मी नाकारत नाही. तो तापाचा कितवा दिवस होता, ते आठवून पाहा. डेंग्यूमध्ये प्लेटलेट साधारण तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून उतरतात, पाचव्या ते सातव्या दिवसाच्या आसपास तळ गाठतात आणि मग आपोआप चढू लागतात. चढताना ती वाढ फार झपाट्याची असते. घरचे लोक आकडा सगळ्यात खाली गेल्यावर रस सुरू करतात, म्हणजे बरोबर चढण सुरू होण्याच्या वेळी.

पिशवीबद्दलही थोडे लिहितो. एका रक्तदात्याच्या साध्या रक्तपिशवीतून वेगळ्या केलेल्या प्लेटलेट मोठ्या माणसाला दिल्या, तर काउंट पाच ते दहा हजारांनी वाढतो. यंत्रावर एकाच दात्याकडून काढलेल्या मोठ्या पिशवीने तो तीस ते पन्नास हजारांनी वाढतो. तुम्ही ऐकलेले ५० हजार तिचे असावेत. आणि हे हिशेब डेंग्यू नसलेल्या माणसाचे आहेत. डेंग्यूत आपल्या प्लेटलेट ज्या कारणाने नष्ट होतात, त्याच कारणाने दुसऱ्याच्याही होतात.

शिवारवाट | रविवार, सकाळी ८:४०

सातवा दिवस होता. तुमचे म्हणणे लक्षात आले. पण मग आमच्याकडचे डॉक्टर २० हजारांना लगेच मोठ्या गावी का पाठवतात? आमच्या तालुक्याला रक्तपेढी नाही, ८० किलोमीटर जावे लागते.

निरगुडी | रविवार, सकाळी ११:२०

यावर सगळ्या डॉक्टरांचे एकमत नाही, हे प्रांजळपणे सांगते. सिंगापूर आणि मलेशियातील रुग्णालयांत झालेला एक अभ्यास २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला. काउंट २० हजार किंवा त्याहून कमी असलेल्या, पण गंभीर रक्तस्राव नसलेल्या प्रौढ डेंग्यू रुग्णांपैकी निम्म्यांना प्लेटलेट दिल्या आणि निम्म्यांना दिल्या नाहीत. दिल्यामुळे रक्तस्राव टळला असे दिसले नाही, उलट पुरळ, खाज यांसारखे त्रास दिलेल्या गटात जास्त झाले. आपल्याकडच्या राष्ट्रीय मार्गदर्शनात रक्तस्राव नसताना १० हजारांच्या खाली प्लेटलेट देण्याचा विचार करावा असे आहे. तरीही रक्तपेढीपासून लांब असलेला डॉक्टर २० हजारांना रुग्ण पुढे पाठवतो, तेव्हा मी त्याला चूक म्हणणार नाही, कारण रात्री अचानक रक्तस्राव झाला, तर त्याच्या हाताशी काही नसते. फक्त पाठवण्याचे कारण आणि पिशवी चढवण्याचे कारण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हुगळीकाठी | सोमवार, दुपारी १:०५

मी मूळची सांगलीची, लग्नानंतर कोलकात्यात राहते. माझ्या बंगाली यजमानांचा काउंट कोणताही आजार नसताना दरवर्षी ८५ ते ९५ हजारच येतो. तीन वर्षांपूर्वी साध्या तापात काउंट ८८ हजार आला आणि त्यांना डेंग्यू समजून दाखल करून घेतले होते. त्यांची मोजणीही चुकते का?

काचपट्टी | सोमवार, दुपारी २:३०

पूर्व भारतात, विशेषतः बंगालमध्ये, काही निरोगी माणसांच्या प्लेटलेट जन्मतः आकाराने मोठ्या आणि संख्येने कमी असतात, हे हिमॅटॉलॉजीच्या लोकांना चांगले ठाऊक आहे. त्यांना सहसा रक्तस्राव होत नाही. शिवाय फार मोठ्या प्लेटलेट यंत्राची सीमा ओलांडतात आणि तांबड्या पेशींत मोजल्या जातात, म्हणजे मुळात कमी असलेला आकडा आणखी कमी दिसतो. काचपट्टीवर तपासून घेतले आहे का? नसेल, तर तब्येत चांगली असताना एकदा घ्या आणि तो कागद तापाच्या वेळी बरोबर न्या. तुमच्या यजमानांच्या बाबतीत ८८ हजार म्हणजे घसरण नव्हतीच.

गोदाकाठ | मंगळवार, संध्याकाळी ६:२०

शनिवारी रात्री अकराला त्यांना दाखल केले. तिथे घेतलेल्या नव्या नमुन्यात जांभळ्या टोपणाच्याच बाटलीत यंत्राने ४१ हजार मोजले. मी काचपट्टीवर मोजायची विनंती केली, तेव्हा रात्रपाळीच्या तंत्रज्ञ ताईंनी दहा दृश्यांत मिळून २७ प्लेटलेट मोजल्या, म्हणजे सरासरी २.७ आणि १५ हजारांनी गुणून ४० हजार ५००. पुंजके नव्हते. पीसीव्ही मात्र ४९ होते. रक्तदाब ९६/७८ होता आणि वरच्या-खालच्या आकड्यांतले अंतर कमी झाले आहे, असे डॉक्टर एकमेकांत बोलत होते. सोनोग्राफीत पोटात थोडे पाणी दिसले. रात्रभर सलाईनचा वेग दर काही तासांनी पीसीव्ही पाहून बदलत होते. रविवारी सकाळी पीसीव्ही ४५ झाले आणि त्यांना भरपूर लघवी झाली. सोमवारी प्लेटलेट २९ हजारांपर्यंत उतरल्या, तरी रक्तस्राव नसल्यामुळे पिशवी दिली नाही. आज ४८ हजार आहेत, पीसीव्ही ४१ आहे आणि त्यांनी स्वतःहून वरण-भात मागितला.

एक गोष्ट विचारायची राहिली. सोमवारी सलाईन चालू असलेल्या हातातूनच नमुना घ्यायला एक शिकाऊ मुलगा आला होता आणि सिस्टरांनी त्याला थांबवले. त्याने आकडा बिघडला असता का?

काचपट्टी | मंगळवार, संध्याकाळी ७:०२

फार आनंद झाला. नव्या नमुन्यात त्याच प्रकारच्या बाटलीत पुंजके आले नाहीत, म्हणजे यजमानांच्या रक्तात तसा गुण नाही. शनिवार संध्याकाळचा नमुनाच बाटलीत गोठू लागला होता.

सिस्टरांनी अगदी योग्य केले. सलाईनच्या हातातून, सुईच्या वरच्या बाजूने रक्त घेतले, तर ते पाण्याने पातळ झालेले येते. अशा रिपोर्टमध्ये प्लेटलेट एकट्या उतरत नाहीत. हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, पीसीव्ही सगळेच एका प्रमाणात खाली येते. काल १४ असलेले हिमोग्लोबिन आज अचानक १० दिसले आणि कुठे रक्त गेलेले नाही, तर आधी कोणत्या हातातून रक्त घेतले ते विचारावे. यात पीसीव्ही खोटे कमी दिसते, म्हणजे झिरपणे थांबले असा चुकीचा समज होऊन सलाईन कमी केले जाऊ शकते.

निरगुडी | मंगळवार, रात्री ९:४५

गोदाकाठ, ४१ हे बहुधा त्यांचे नेहमीचे पीसीव्ही असावे, म्हणजे शनिवारी रात्रीचे ४९ हे मूळच्या जवळजवळ २० टक्के वर होते. गुरुवारचे ४२ तेव्हाही फारसे चढलेले नव्हते. आता रक्तवाहिन्यांबाहेर गेलेले पाणी रक्तात परत येण्याचे दिवस आहेत, त्यामुळे सलाईन बंद केले का आणि त्यांना दम लागतो का, हे उद्याच्या राउंडला नक्की विचारा.

गोदाकाठ | मंगळवार, रात्री १०:१०

सलाईन आज दुपारी बंद केले. दम लागत नाही. उद्या विचारून इथे लिहिते.